हप्ता दुसऱ्याचा, नोटीस आपल्याला

मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई एक पाकीट आणून देतो. आत वकिलाची नोटीस. जवळपास दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या कर्जावर केलेली सही मास्तर जवळजवळ विसरले होते. नोटिशीत त्यांच्या नावामागे ‘जामीनदार’ असा शब्द आहे आणि शेवटी लिहिलंय, की पंधरा दिवसांत 3,30,000 रुपये भरा, नाहीतर दावा दाखल होईल. मास्तर मित्राला फोन लावतात. फोन बंद.

हे मास्तर उदाहरणापुरते आहेत, पण त्यांच्यासारखे शेकडो लोक न्यायालयांच्या व्हरांड्यात भेटतात. आकडे डोळ्यासमोर राहावेत म्हणून त्यांचं प्रकरण नीट मांडून घेऊ. मित्रानं फ्लेक्स छपाईचं मशीन घेण्यासाठी एका खासगी वित्तसंस्थेकडून चार लाख रुपये घेतले. व्याज वर्षाला 18 टक्के, मुदत 36 महिने, हप्ता साधारण 14,460 रुपयांचा. मशीन संस्थेकडे नजरगहाण. जामीनदार दोघं, एक मास्तर आणि दुसरे चौकातले किराणा दुकानदार. बारा हप्ते व्यवस्थित गेले. तेव्हा सुमारे 2,90,000 रुपये देणं बाकी होतं. मग हप्ते थांबले, आणि नऊ महिन्यांत व्याजासह आकडा 3,30,000 वर गेला.

नोटीस मिळाल्यावर मास्तरांच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल, ते जवळपास प्रत्येक जामीनदाराच्या तोंडून निघतं: ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, त्याचं मशीन विका, मग माझ्याकडे या.’ हे वाक्य न्यायाला धरून वाटतं. कायद्यात मात्र ते बसत नाही.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्यातलं कलम 128 असं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. इतकीच म्हणजे तेवढ्या रकमेची, आणि त्याच वेळी. कर्जदारानं हप्ता चुकवला त्या क्षणी देणेकऱ्यांच्या रांगेत दोघंही शेजारीशेजारी उभे राहतात. धनको त्यांपैकी कोणावरही, किंवा दोघांवरही, दावा लावू शकतो. कर्जदार पहिल्या नंबरचा आणि जामीनदार दुसऱ्या नंबरचा, असा क्रम कायद्यानं घातलेला नाही.

हा प्रश्न 1968 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बँक ऑफ बिहारनं एका ग्राहकाला उचल दिली होती आणि तिला एक जामीनदार होता. मुद्दल पावणेबारा हजारांच्या आसपास. खालच्या न्यायालयानं दोघांविरुद्ध हुकूमनामा दिला, पण त्याला एक शेपूट जोडलं: कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करून झाल्याशिवाय बँकेनं जामीनदाराला हात लावू नये. पाटणा उच्च न्यायालयानं ते शेपूट तसंच ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं ते कापून टाकलं. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. कर्जदार पैसे देणार नाही या भीतीनंच धनको जामीन मागतो. मग जामीनदाराला रांगेत शेवटी उभं केलं, तर जामिनाचा उपयोग काय? त्याच निकालात न्यायालयानं जामीनदाराची वाटही दाखवली होती. त्यानं पैसे भरावेत आणि बँकेच्या जागी उभं राहून कर्जदाराकडून वसूल करावेत. 1992 मध्ये स्टेट बँकेच्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं. मालमत्ता गहाण असली, तरी ती आधी विकायची सक्ती धनकोवर करता येत नाही. म्हणजे ‘आधी मशीन विका’ हे मास्तरांचं म्हणणं तेवढ्यावर टिकणार नाही.

कलम 128 मध्ये ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ असे शब्द आहेत, आणि सगळी मोकळीक त्यांतच आहे. हमीपत्रावर ‘माझी जबाबदारी एक लाख रुपयांपुरतीच’ किंवा ‘मशीनची विक्री झाल्यावर उरलेल्या रकमेपुरतीच’ असं लिहून घेता येतं. अडचण एवढीच, की संस्थांचे छापील नमुने त्यांनीच केलेले असतात आणि जामीनदार सही करायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर फक्त शेवटचं पान उघडलेलं असतं.

वसुली प्रत्यक्षात कशी होते?

खासगी धनकोचं पहिलं हत्यार चेक. सही करतानाच जामीनदाराकडून दोन-तीन चेक घेतलेले असतात, बरेचदा कोरे. 2002 मध्ये केरळमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. नवऱ्यानं गाडीसाठी काढलेल्या कर्जाला बायको जामीन होती, तिनं दिलेला चेक परत गेला. चेक तिच्या स्वतःच्या देण्याचा नव्हता म्हणून फौजदारी तक्रार चालणार नाही, असं उच्च न्यायालयानं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. दुसऱ्याच्या देण्यासाठी जामीनदारानं दिलेला चेक वटला नाही, तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138 लागू होतं. कोऱ्या चेकवर फक्त सही केली होती, हे सांगूनही सुटका होत नाही. सही मान्य केली की चेक देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय गृहीत धरतं, आणि ते खोडून काढायचं काम सही करणाऱ्यावर येतं. यात वेळापत्रक महत्त्वाचं आहे. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत धनकोनं नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यापासून जामीनदाराला पैसे भरायला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. हमीच्या पैशांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली ‘समरी दावा’ लावता येतो, आणि इथेच अनेक जामीनदार घसरतात. साध्या दाव्यात समन्स आलं की कैफियत द्यायला महिनाभर मिळतो, अशी लोकांची समजूत असते. समरी दाव्यात समन्स पोचल्यापासून 10 दिवसांत हजर व्हावं लागतं. त्यानंतर पुढचं समन्स आलं की पुन्हा 10 दिवसांत, बचाव करू देण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर न्यायालय फार काही न विचारता हुकूमनामा देऊ शकतं. करारात लवादाचं कलम असेल, तर प्रकरण न्यायालयाऐवजी लवादापुढे जातं. तिथे गैरहजर राहिलं तर निवाडा एकतर्फी होतो, आणि तो हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो.

हुकूमनामा झाल्यावर दरखास्त लागते आणि पगारावर जप्ती येते. पण पगार संपूर्ण जात नाही. संहितेच्या कलम 60 प्रमाणे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सोडावा लागतो. मास्तरांचा जप्तीयोग्य पगार 40,000 रुपये धरला, तर 39,000 चा एक-तृतीयांश म्हणजे 13,000 रुपये महिन्याला कापले जातील. त्याच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण 24 महिने झाली, की पुढे तो पगार त्या वसुलीतून सुटतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांना तर हात लागतच नाही.

कर्ज सहकारी पतसंस्थेचं असेल तर न्यायालयाची पायरीही लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निबंधक वसुली दाखला देतो आणि कलम 156 खाली वसुली अधिकारी तो बजावतो. त्या दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली फेरतपासणीला जायचं, तर वसूलपात्र रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. उलट, धनको जर परवाना नसलेला सावकार असेल, तर चित्र पालटतं. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम 2014 प्रमाणे कर्ज देताना सावकाराकडे वैध परवाना होता याची खात्री झाल्याशिवाय न्यायालय त्याला हुकूमनामा देत नाही. म्हणून अशा व्यवहारात जामीनदाराच्या वकिलानं विचारायचा पहिला प्रश्न परवान्याचा असतो.

हमी कशानं संपते, हा यापुढचा प्रश्न. सगळ्यांत सरळ शेवट म्हणजे कर्ज फिटणं. त्याखेरीज करार कायद्याच्या कलम 130 पासून 144 पर्यंत सुटकेचे दरवाजे आहेत. ते अर्थातच प्रत्येक कुलपाला उघडत नाहीत.

पुष्कळ जण संस्थेला पत्र लिहितात: ‘आजपासून मी जामीनदार नाही.’ या पत्राला अर्थ आहे तो फक्त चालू हमीच्या बाबतीत. दुकानदाराच्या कॅश क्रेडिट खात्यात पैसे येत-जात राहतात, अशा मालिकेतल्या प्रत्येक व्यवहाराला लागू असणाऱ्या हमीला कायदा ‘चालू हमी’ म्हणतो. ती नोटीस देऊन मागे घेता येते, पण पुढच्या उचलींपुरती. आधी उचललेल्या पैशांची जबाबदारी तशीच राहते. एकदाच दिलेल्या कर्जाची हमी, जशी मास्तरांची, पैसे दिले गेल्यावर पत्रानं मागे घेता येत नाही. आणि चालू हमीतही हा हक्क करारानं सोडून दिलेला असू शकतो. 2008 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या खटल्यात जामीनदारानं हमी मागे घेत असल्याचं पत्र दिलं होतं. पण हमीपत्रात त्यानं हा हक्क आधीच सोडून दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जबाबदार धरलं.

जामीनदाराच्या मृत्यूनंही चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती संपते, करारात उलट काही नसेल तर. झालेल्या देण्याची वसुली मात्र वारसांना मिळालेल्या मालमत्तेतून, आणि तेवढ्यापुरतीच होऊ शकते. मुलाच्या स्वतःच्या कमाईवर वडिलांच्या जामिनाचा बोजा पडत नाही.

अटी बदलणं हा पुढचा दरवाजा. कलम 133 प्रमाणे कर्जदार आणि धनको यांनी जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मुक्त होतो. कायद्यानं या कलमाखाली दिलेलं एक उदाहरण फार बोलकं आहे. 1 मार्चला पाच हजार रुपये कर्ज द्यायचं ठरलं आणि त्याला कोणीतरी जामीन राहिला. धनकोनं ते पैसे 1 जानेवारीलाच दिले. जामीनदार सुटला. दोन महिने आधी पैसे मिळाल्यानं वरवर पाहता कोणाचं नुकसान झालेलं दिसत नाही. तरी कायदा म्हणतो, जामीनदारानं हमी घेतली होती ती या व्यवहाराची नव्हती.

पण प्रत्येक खाडाखोड ‘बदल’ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. जामीनदारानं हमीपत्रात 25,000 चा आकडा घातला होता. बँकेला तो मान्य नव्हता, तेव्हा कर्जदारानं तो खोडून 20,000 केला आणि बँकेला दिला. जामीनदार म्हणाला, कागद बदलला, मी सुटलो. बहुमतानं न्यायालयानं त्याला जबाबदार धरलं. बदल त्याचं ओझं हलकं करणारा होता, आणि कागद त्यानं कर्जदाराच्याच हाती सोपवला होता.

मुदतवाढीचा दरवाजा याच्या शेजारीच आहे. धनकोनं कर्जदाराशी तडजोड केली, त्याला मुदत वाढवून द्यायचं कबूल केलं, किंवा दावा करणार नाही असं वचन दिलं, आणि जामीनदारानं त्याला संमती दिली नाही, तर कलम 135 प्रमाणे जामीनदार सुटतो. यामागचं कारण असं, की मुदतीनंतर पैसे भरून लगेच कर्जदारामागे लागायची जामीनदाराची संधी अशा करारानं हिरावली जाते. मात्र इथे ‘करार’ हवा. संस्थेचा माणूस सहा महिने नुसता गप्प बसला, तर ती मुदतवाढ होत नाही. दावा करायला उशीर करणं ही सूट नव्हे, असं कलम 137 सांगतं. मुंबई उच्च न्यायालयानं 1883 मध्ये एका निकालात हे टोकाला नेलं होतं. धनकोनं इतका उशीर केला, की कर्जदाराविरुद्धचा दावा मुदतबाह्य झाला. तरी जामीनदार सुटला नाही.

मास्तरांनी आपल्या हमीपत्राची प्रत मागवली तेव्हा त्यांना आठव्या कलमात एक ओळ सापडली: जामीनदाराला न कळवता अटी बदलल्या किंवा मुदत वाढवली, तरी जामीनदाराची जबाबदारी कायम राहील. छापील हमीपत्रांत अशी ओळ हमखास असते आणि न्यायालयं ती साधारणपणे मान्य करतात. म्हणजे 133 आणि 135 चे दरवाजे मास्तरांनी सहीबरोबर स्वतःच लावून घेतले होते.

कलमांच्या अशा जंजाळात मास्तरांना खरी मदत झाली ती मशीनची. मित्राच्या शेजाऱ्याकडून कळलं, की फ्लेक्सचं मशीन दुकानातून केव्हाच गेलं. चौकशी केली तेव्हा एक पत्र हाती लागलं. हप्ते थांबल्यावर चौथ्या महिन्यात संस्थेनंच मित्राला ‘मशीन विकायला आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं होतं. मशीन 1,20,000 रुपयांना गेलं, तीच त्या वेळची बाजारातली किंमत. पैसे मित्रानं उचलले, संस्थेच्या खात्यात एक रुपयाही जमा झाला नाही.

कलम 141 इथे उपयोगी पडतं. हमी दिली त्या वेळी धनकोकडे जे तारण होतं, त्याचा फायदा जामीनदाराला मिळायला हवा. तारण आहे हे जामीनदाराला माहीत असो वा नसो. धनकोनं ते तारण जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडलं किंवा गमावलं, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार सुटतो. हमी दिल्यानंतर पुढे घेतलेल्या तारणाला मात्र हे कलम लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये स्टेट बँक ऑफ त्रावणकोरच्या खटल्यात हे कलम लावलं. बँकेच्या ताब्यातल्या तारण मालात 35,690 रुपयांची तूट आली होती, तेवढ्या रकमेपुरता जामीनदार मोकळा झाला. 1980 मध्ये स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या खटल्यात बँकेच्या हलगर्जीपणामुळे तारण ठेवलेला माल नाहीसा झाला, तेव्हाही जामीनदाराला सूट मिळाली. धनकोनं तारण सांभाळायची जबाबदारी नीट पाळली नाही, तर तो फटका जामीनदारानं सोसायचा नाही, हा त्यातला धागा.

मास्तरांच्या हिशोबात याचा अर्थ असा होतो: 3,30,000 मधून 1,20,000 वजा. उरले 2,10,000. मशीनची किंमत किती होती यावर वाद होऊ शकतो, म्हणून विक्रीची पावती, त्या वेळच्या बाजारभावाचा पुरावा आणि संस्थेचं ना-हरकत पत्र ही तीन कागदं महत्त्वाची. समरी दाव्यात बचावाची परवानगी मागताना हीच कागदं जोडायची असतात. आपला बचाव खोटा किंवा वेळकाढू नाही, हे न्यायालयाला त्यांवरून दिसतं.

आणखी दोन दरवाजे आहेत. पहिला लपवाछपवीचा. धनकोनं महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून किंवा मुद्दाम लपवून हमी घेतली असेल, तर कलम 142 आणि 143 प्रमाणे ती हमीच रद्दबातल. कायद्यातलं उदाहरण एका कारकुनाचं आहे. पैसे गोळा करायला ठेवलेल्या कारकुनानं आधी अफरातफर केलेली असते, मालक ते जामीनदाराला सांगत नाही आणि पुढच्या वागणुकीसाठी त्याच्याकडून हमी घेतो. अशी हमी उभी राहत नाही. मात्र फसवणूक कर्जदारानं केली आणि धनकोला त्याची गंध नव्हती, तर हा दरवाजा उघडत नाही. मित्र मास्तरांना ‘नुसती औपचारिकता आहे’ म्हणाला होता, एवढ्यानं संस्थेविरुद्ध काही सिद्ध होत नाही.

दुसरा दरवाजा सहजामीनदाराचा. ‘दुसरा जामीनदार सही करेल तेव्हाच माझी हमी अंमलात येईल’ असं ठरलं असेल आणि दुसऱ्यानं सही केलीच नाही, तर कलम 144 प्रमाणे पहिल्याची हमी वैध नाही. मात्र दोघांनी सही केली आणि पुढे धनकोनं एकाला मोकळं केलं, तर दुसरा सुटत नाही. मोकळा झालेलाही दुसऱ्या जामीनदाराचं देणं लागत राहतो.

कर्जदार दिवाळखोर झाला म्हणूनही जामीनदार सुटत नाही. कर्जदार स्वेच्छेनं नव्हे, तर कायद्याच्या प्रक्रियेनं मुक्त झाला, तर कलम 134 ची सूट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. 2021 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या संचालकांनी दिलेल्या वैयक्तिक हमींबाबत न्यायालयानं हाच न्याय लावला. कंपनीची दिवाळखोरी निकाली निघाली, तरी हमी देणारा आपोआप मोकळा होत नाही. कर्जदार मेला, परगावी पळाला, धंदा बसला, तरी जामीनदाराच्या दृष्टीनं काही बदलत नाही.

मास्तरांच्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली. संस्थेच्या वकिलानं ना-हरकत पत्र पाहिलं आणि 2,10,000 रुपयांवर मामला मिटवायची तयारी दाखवली. मास्तरांनी पैसे चेकनं भरले आणि पावतीवर ‘जामीनदार या नात्यानं भरणा’ असे शब्द घालून घेतले. त्यांचे दोन कोरे चेक परत घेतले आणि कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मागितला. तडजोडीची रक्कम पूर्ण आहे आणि काही शिल्लक नाही, हे त्या दाखल्यात लिहिलेलं असणं महत्त्वाचं. तसं नसेल तर उरलेल्या रकमेसाठी नोटीस पुन्हा येऊ शकते.

पैसे भरल्याबरोबर मास्तरांची भूमिका बदलली. कलम 140 प्रमाणे ते संस्थेच्या जागी उभे राहतात. संस्थेला कर्जदाराविरुद्ध जे हक्क होते, ते आता त्यांचे. कलम 145 प्रमाणे मित्राकडून ते भरलेली संपूर्ण 2,10,000 ची रक्कम मागू शकतात. कलम 146 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, सहजामीनदार समान वाटेकरी असतात. म्हणून किराणा दुकानदाराकडून 1,05,000 रुपये मागता येतात. दुकानदारानं ते दिले, तर मित्राकडून ते वसूल करायचा हक्क त्याला, आणि उरलेल्या 1,05,000 चा मास्तरांना.

यासाठी घड्याळ चालू असतं. मुदत कायद्याप्रमाणे दोन्ही दाव्यांना तीन वर्षं. कर्जदाराविरुद्ध ती पैसे भरल्या दिवसापासून मोजतात. सहजामीनदाराविरुद्ध, जामीनदारानं आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं त्या दिवसापासून. मास्तरांनी एकाच वेळी 2,10,000 भरले, म्हणून दोन्हींची तारीख एकच. ती 10 जून 2025 धरली, तर 10 जून 2028 पर्यंत दावा लागायला हवा. मित्राचा फोन अजूनही बंद आहे. दुकानदार मात्र चौकातच आहे, आणि त्यानं 1,05,000 रुपये चार हप्त्यांत द्यायचं कबूल केलंय. वकिलाच्या सांगण्यावरून मास्तरांनी ते तोंडी न ठेवता कागदावर घेतलं आणि त्यावर दुकानदाराची सही, तारीख घालून घेतली.